पत्रा, पांढरा बलक आणि पणजोबा

आत्याने तो अल्बम कपाटाच्या वरच्या फळीवरून उतरवला, तेव्हा तो एका जुन्या मऊ धोतरात गुंडाळलेला होता. कातडी बांधणी, पितळेची कडी, पुठ्ठ्यासारखी जाड पानं आणि प्रत्येक पानात फोटो सरकवायच्या खाचा. आत्या एकेका फोटोवर बोट ठेवून माणसं सांगत गेली. हे आजोबांचे आजोबा आणि आजी. हे विलायतेला शिकायला गेलेले चुलत पणजोबा. शेवटच्या पानावरच्या पगडीवाल्या गृहस्थांपाशी ती थांबली. "हा आपल्या घराण्यातला पहिला फोटो. साठ सालचा." साठ म्हणजे १८६०.

फोटोत कोण आहे हे घरातली वडीलधारी माणसंच सांगू शकतात. त्यांच्याकडून ते वेळेत ऐकून लिहून ठेवायला हवं. फोटो कधी तयार झाला हे मात्र बरेचदा फोटोलाच विचारावं लागतं. मागे शिक्का नसला, तारीख नसली, तरी ज्या वस्तूवर आणि ज्या थरात ती प्रतिमा बसलेली आहे, ती वस्तू आणि तो थर आपला काळ सांगतात. या प्रकरणात त्या अल्बममधल्या तीनच फोटोंकडे नीट बघू. पहिला कागदावरचा, दुसरा लोखंडावरचा, आणि तिसरा दिसायला सोपा पण तिघांत सर्वांत अवघड.

लागणारं साहित्य थोडं आहे. सोनार किंवा घड्याळजी वापरतात तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग, तीसपट मिळालं तर अधिक चांगलं. एक छोटी विजेरी. एक लहान, कमी ताकदीचा लोहचुंबक. आणि सकाळी खिडकीपाशी मिळणारा उजेड. हात धुऊन कोरडे करायचे आणि फोटो फक्त कडांना धरायचा.

भिंगातून पहिली खात्री करायची ती ही, की समोरची वस्तू फोटोच आहे. वर्तमानपत्रातल्या चित्रासारखे ओळीत मांडलेले ठिपके दिसले, तर ते छापखान्यात छापलेलं चित्र आहे. खऱ्या फोटोत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा ठिपक्यांशिवाय एकमेकींत विरघळत जातात. हे जमलं की मग दोन प्रश्न उरतात. खाली काय आहे, कागद, काच की धातू? आणि प्रतिमा त्याच्यावर थेट बसली आहे, की मध्ये कसला थर आहे?

अंड्याच्या बलकातली प्रतिमा

पहिला फोटो जोडप्याचा. पुठ्ठ्याचा आकार साधारण दहा सेंटिमीटर उंच आणि साडेसहा सेंटिमीटर रुंद, म्हणजे तळहातावर मावणारा. या मापाला 'कार्त द व्हिजिट' म्हणतात. पॅरिसच्या आंद्रे दिस्देरी यांनी १८५४मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि पुढच्या दहाएक वर्षांत हे माप जगभर पोचलं. आजींच्या लुगड्याचा गडद भाग जांभळट तपकिरी आहे. चेहऱ्याचा आणि पार्श्वभूमीचा उजळ भाग मात्र लोण्यासारखा पिवळा झाला आहे. आजोबांच्या पांढऱ्या उपरण्याच्या घड्या जवळजवळ पुसल्या गेल्या आहेत.

आता उजळ भागावर भिंग धरलं. पिवळसर, किंचित चमकदार थराच्या खाली कागदाचे बारीक धागे स्पष्ट दिसतात, जणू मधाच्या पातळ थराखाली कापूस पसरून ठेवला आहे. विजेरी बाजूने, जवळजवळ आडवी धरली की त्या थरावर केसाहून बारीक भेगांचं जाळं उमटतं. हा आल्ब्युमिन प्रिंट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले कागदावरचे बहुतेक फोटो याच प्रकारचे असतात.

या खुणा कुठून येतात हे कळण्यासाठी हा कागद कसा बनत असे ते बघावं लागतं. फ्रान्सच्या लुई देझिरे ब्लांकार-एव्हरार यांनी १८५०मध्ये ही पद्धत जाहीर केली. अंड्याचा पांढरा बलक मिठाबरोबर फेस येईपर्यंत फेटायचा, फेस बसू द्यायचा आणि त्या द्रवावर पातळ कागद अलगद तरंगत सोडायचा. कागद वाळला की त्याच्या एका बाजूवर बलकाचा गुळगुळीत थर तयार होतो. मग तीच बाजू चांदीच्या क्षाराच्या, म्हणजे सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यावर तरंगवायची. मीठ आणि चांदी यांच्या संयोगातून प्रकाशाला संवेदनशील असा पदार्थ त्या बलकातच तयार होतो. हा कागद काचेच्या निगेटिव्हखाली चौकटीत दाबून उन्हात ठेवला, की प्रतिमा डोळ्यांदेखत गडद होत जाते. तिला उमटवायला वेगळं रसायन लागत नाही, ऊनच ते काम करतं. शेवटी सोन्याच्या क्षाराने रंग सुधारायचा, हायपोत बुडवून प्रतिमा पक्की करायची आणि धुवायची.

आता भिंगातल्या खुणांचा उलगडा होतो. प्रतिमा बलकाच्या पारदर्शक थरात आहे आणि त्या थराच्या खाली सरळ कागद आहे, मध्ये दुसरं काहीही नाही. म्हणून कागदाचे धागे दिसतात. कागद आणि बलक दमट हवेत वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि आकसतात, म्हणून भेगा पडतात. उन्हाने उमटलेले चांदीचे कण अतिशय सूक्ष्म असतात, म्हणून रंग काळा न राहता तपकिरी-जांभळा होतो आणि त्याच सूक्ष्मपणामुळे ते लवकर फिके पडतात. आधी जातात ते उजळ भागातले बारकावे, कारण तिथे चांदी मुळातच थोडी असते. आजोबांच्या उपरण्याच्या घड्या अशाच गेल्या. उजळ भागाचा पिवळेपणा मात्र चांदीच्या प्रतिमेचा नाही. तो बलकाचा आणि त्यात अडकून राहिलेल्या, कितीही धुतलं तरी न गेलेल्या चांदीच्या अंशाचा आहे. कधीकधी पिवळेपणा झाकण्यासाठी बलकात फिकट गुलाबी रंग घालत. तो रंग टिकला असेल तर चेहऱ्यावर अजूनही गुलाबी झाक दिसते.

असा कागद पातळ असतो आणि मोकळा ठेवला तर गुंडाळून जातो. म्हणून हे फोटो जवळजवळ नेहमी पुठ्ठ्यावर चिकटवलेले सापडतात. म्हणूनच पुठ्ठ्याच्या मागे काही लिहिलं आहे का बघायला फोटो सोलून काढायचा प्रयत्न कधीही करू नये. थर फुटतो आणि चेहऱ्यासकट निघून येतो. ओल्या कापसाने पुसणंही तितकंच घातक आहे.

आल्ब्युमिन कागदाचा बहर १८६० ते १८९० या तीस वर्षांत होता. जर्मनीतलं ड्रेस्डेन शहर या कागदाचं मोठं केंद्र बनलं होतं. तिथल्या एका कारखान्यात रोज सुमारे साठ हजार अंडी फुटत, असं छायाचित्रणाच्या इतिहासात नोंदवलेलं आहे. मुंबईत याच काळात छायाचित्रण रुजलं. बाँबे फोटोग्राफिक सोसायटी १८५४मध्ये स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते आणि त्यांचे बंधू नारायण दाजी छायाचित्रकार होते. १८५५मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. त्यातून शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतले नावाजलेले छायाचित्रकार झाले. म्हणजे मुंबई-पुण्याकडच्या एखाद्या सुखवस्तू घरात १८६०च्या दशकातला आल्ब्युमिन प्रिंट सापडणं शक्य आहे. आमच्या जोडप्याच्या फोटोचा पुठ्ठा मात्र जाड आहे, त्याच्या कडा तासून सोनेरी केलेल्या आहेत आणि कोपरे गोल आहेत. सुरुवातीचे पुठ्ठे पातळ आणि चौकोनी कोपऱ्यांचे असत. जाड आणि सोनेरी कडांचे पुठ्ठे नंतर आले. म्हणून मी हा फोटो १८८०च्या आसपास ठेवला आहे, त्याहून अचूक साल सांगायला माझ्याकडे आधार नाही.

लोखंडावरचा तरुण

दुसरा फोटो हातात घेताच वेगळा वाटला. छोटा, कागदी चौकटीत बसवलेला, थंड आणि पातळ. कोट घातलेला तरुण, हातात टोपी. या फोटोत पांढरं असं काहीच नाही. सदऱ्याची कॉलरसुद्धा दुधी राखाडी आहे. एका कोपऱ्यात पृष्ठभागाचा पापुद्रा उडाला आहे आणि तिथे गंजाचा तांबूस ठिपका दिसतो.

चौकटीच्या मागे कागदाचा तुकडा ठेवून त्यावरून चुंबक टेकवला. चुंबक अलगद चिकटला. हा टिनटाइप. नावात टिन असलं तरी त्यात कथील अजिबात नाही, आहे तो लोखंडाचा पातळ पत्रा. याला फेरोटाइप असंही म्हणतात आणि ते नाव जास्त खरं आहे. फ्रान्सच्या आदॉल्फ-आलेक्सांद्र मार्तां यांनी १८५३मध्ये ही पद्धत मांडली आणि १८५६मध्ये अमेरिकेत हॅमिल्टन स्मिथ यांनी तिचं पेटंट घेतलं. पुढे ती जत्रांमध्ये आणि समुद्रकिनाऱ्यांवर फिरणाऱ्या छायाचित्रकारांची आवडती झाली. स्वस्त, न फुटणारी, आणि गिऱ्हाईक उभं असतानाच हातात देता येणारी.

पांढरं का दिसत नाही, त्याचं कारण पद्धतीतच आहे. पत्र्यावर आधी काळ्या किंवा गडद तपकिरी लाखेसारख्या रोगणाचा थर असतो. त्यावर कलोडियन ओततात. कलोडियन म्हणजे इथर आणि अल्कोहोल यांत विरघळवलेला, नायट्रिक आम्लाने संस्कारित कापूस. पत्रा सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवून ओला असतानाच कॅमेऱ्यात घालतात आणि लगेच प्रतिमा उमटवून घेतात. जिथे प्रकाश पडला तिथे फिकट राखाडी चांदी जमते. जिथे पडला नाही तिथे चांदी नसते आणि खालचं काळं रोगण दिसतं. काळ्यावर ठेवलेली राखाडी चांदी उजळ दिसते, म्हणून एरवी जी निगेटिव्ह ठरली असती ती प्रतिमा सुलट वाटते. कितीही उजेड पडला तरी ती राखाडी चांदी शुभ्र होत नाही.

दुसरी खूण अधिक मजेची आहे. या पद्धतीत मध्ये निगेटिव्ह नाही. कॅमेऱ्यात गेलेला पत्राच शेवटी हातात येतो, म्हणून प्रतिमा आरशातल्यासारखी डावी-उजवी उलटी असते. पुरुषांच्या कोटाचा डावा पल्ला उजव्यावर येतो. या तरुणाच्या कोटाचा उजवा पल्ला वर दिसतो आणि छातीचा खिसाही उजवीकडे गेला आहे. घरात कुणीतरी पूर्वी "ते डावखुरे होते" असं ठरवून टाकलं होतं, कारण टोपी डाव्या हातात दिसते. ती उजव्याच हातात होती. आपल्या माणसांचे जुने फोटो बघताना ही कसोटी आणखी सोपी पडते. नथ उजव्या नाकपुडीत दिसली, किंवा श्राद्धाचं काही कारण नसताना जानवं उजव्या खांद्यावर दिसलं, तर आधी फोटो उलटा आहे का ते बघावं. क्वचित साधा फोटोही निगेटिव्ह उलटी ठेवून छापलेला असतो, म्हणून या खुणेबरोबर चुंबकाची साक्ष घ्यावी.

टिनटाइपशी घोळ होतो तो त्याच्या दोन नातलगांचा. अँब्रोटाइप त्याच कलोडियनचा, पण काचेवर. काचेच्या मागे काळा रंग किंवा काळं कापड असतं. तो रंग खपलीसारखा निघाला की फोटोत भोकं पडल्यासारखी दिसतात आणि चुंबक त्याला धरत नाही. डॅग्युरोटाइप सर्वांत जुना, १८३९मध्ये जाहीर झालेला, चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरचा. तो खरोखर आरशासारखा असतो. हातात तिरका केला की एका कोनात चेहरा दिसतो, दुसऱ्या कोनात तोच निगेटिव्ह होतो आणि मध्येच आपलं स्वतःचं तोंड दिसतं. तो काचेखाली बंद असेल तर उघडू नये, कारण त्या प्रतिमेला बोट लागलं तरी ती पुसली जाते.

टिनटाइप आपल्याकडच्या अल्बमांत क्वचितच सापडतो, आणि त्याचं दुर्मीळपणच इथे उपयोगी पडलं. पत्र्याची एकच प्रत निघते. तिच्यावरून नातेवाइकांना वाटायला दहा प्रती काढता येत नाहीत. इंग्लंडच्या किनाऱ्यांवर मात्र हे पत्र्यावरचे फोटो विसाव्या शतकातही निघत होते. चुलत पणजोबा विलायतेला शिकत होते, हे घरात ठाऊक होतंच. हा फोटो तिथल्या एखाद्या सुट्टीचा असावा आणि पत्रासोबत घरी आला असावा, असा माझा अंदाज आहे. पत्रा वाकवू नये, आणि गंज दिसला तरी घासू नये. कोरड्या, जाड कागदाच्या पाकिटात एकटा ठेवावा. आपल्या पावसाळ्यात त्याला सर्वांत मोठा धोका दमटपणाचा आहे.

साठ सालचा फोटो

आता पगडीवाले गृहस्थ. फोटो मोठा, पुठ्ठा जवळजवळ सोळा-सतरा सेंटिमीटर उंचीचा, म्हणजे कॅबिनेट कार्डाच्या मापाचा. हे माप १८६६च्या सुमारास चलनात आलं, म्हणजे इथेच १८६० हे साल डळमळतं. पण पुठ्ठा नंतरही बदलता येतो, म्हणून मी कागदाकडे वळलो.

उजळ भागावर भिंग धरलं तर धागे दिसत नाहीत. पृष्ठभाग साखरेच्या पाकासारखा एकसंध आणि खाली पांढरं स्वच्छ. रंग तपकिरी नाही, राखाडी-काळा आहे. आणि फोटो तिरका धरला की कडांपाशी, गडद भागात, निळसर चांदीची चकाकी उठते.

धागे का दिसत नाहीत? १८८०च्या दशकात कागदावर आधी बॅरायटाचा, म्हणजे जिलेटिनमध्ये कालवलेल्या बेरियम सल्फेटचा पांढरा लेप देऊ लागले. प्रतिमा त्या लेपावरच्या थरात बसते. भिंतीला गिलावा केला की विटा दिसत नाहीत, तसं लेपाखाली कागद झाकला जातो. अंड्याच्या बलकाची जागा १८८५ ते १९०० या काळात हळूहळू जिलेटिन आणि कलोडियन यांनी घेतली. सुरुवातीचे असे कागद उन्हातच उमटवायचे असत, म्हणून त्यांचा रंग आल्ब्युमिनसारखाच तपकिरी-जांभळा असतो आणि वरवर पाहणारा हमखास फसतो. तिथे रंगावर विश्वास ठेवू नये, धागे शोधावेत. हीही कसोटी शंभर टक्के नाही. कलोडियनच्या बिनचमकीच्या कागदात लेप इतका पातळ असतो की धागे थोडेफार दिसतात. पण त्याचा रंग बहुधा राखाडीकडे झुकतो आणि तो फारसा पिवळा पडत नाही.

राखाडी-काळा रंग आणि चांदीची चकाकी या दोन्ही खुणा त्याच्याही पुढच्या कागदाच्या आहेत. या कागदाला क्षणभर प्रकाश दाखवून मग प्रतिमा रसायनात उमटवतात. त्यात चांदीचे कण मोठे असतात, म्हणून रंग काळा येतो. वर्षानुवर्षं दमट हवा आणि पुठ्ठ्यातली रसायनं लागून त्यातली थोडी चांदी विरघळते, पृष्ठभागापर्यंत सरकते आणि तिथे पुन्हा धातू होऊन आरशासारखी जमते. तीच ही निळसर चकाकी. असा कागद सर्रास वापरात आला तो १९००च्या आगेमागे. म्हणजे आत्या सांगत होती त्याच्या सुमारे चाळीस वर्षं नंतर.

इथे थांबलो असतो तर मी घरातली गोष्ट खोटी ठरवून मोकळा झालो असतो. पण भिंगाखाली आणखी एक गोष्ट खटकत होती. गृहस्थांच्या गालावर बारीक भेगांचं जाळं दिसत होतं. विजेरी आडवी धरली तर पृष्ठभाग मात्र अगदी गुळगुळीत. भेगा कागदावर नव्हत्या, फोटोच्या आत होत्या, किंचित धूसर, जशा काचेमागच्या वस्तू दिसतात. पगडीच्या घड्या करड्या चिखलासारख्या एकजीव झाल्या होत्या आणि उपरण्यातला तपशील पार उडाला होता. मग डाव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात एक फिकट वळणदार रेघ सापडली, आणि तिच्या बाहेर सावलीसारखी गडद पट्टी. ती रेघ म्हणजे दुसऱ्याच एका पुठ्ठ्याचा गोल कोपरा होता.

हा फोटोचा फोटो होता. कुणीतरी जुना, भेगाळलेला, फिका पडलेला आल्ब्युमिन प्रिंट कॅमेऱ्यासमोर ठेवून त्याची नवी प्रत काढली होती. बारकावे गेले, उठाव वाढला, आणि जुन्या थराच्या भेगाही प्रतीत उतरल्या. म्हणूनच कागदाची ओळख पटली की त्यातून प्रतीचा काळ कळतो, समोर बसलेल्या माणसाच्या बैठकीचा काळ त्यावरून ठरवता येत नाही. वारशाने आलेल्या अल्बममध्ये सर्वांत जास्त चुका इथेच होतात. कोणी नवा कागद पाहून जुन्या माणसाला नव्या काळात ढकलतो, तर कोणी पगडी पाहून नव्या कागदाला जुना ठरवतो.

गोल कोपऱ्यावरून मूळ फोटो १८७०नंतरचा असेल का? गोल कोपऱ्यांचे पुठ्ठे तेव्हापासून रूढ झाले, हे खरं. पण अल्बमच्या खाचेत सहज सरकावा म्हणून लोक घरीच कात्रीने कोपरे कापत असत. चारही कोपरे दिसले असते तर सगळ्यांचं वळण सारखं आहे का, म्हणजे कारखान्यात कापलेले आहेत का, ते कळलं असतं. प्रतीत एकच कोपरा आला आहे, म्हणून त्यावरून मी काहीही ठरवलं नाही.

मऊ पेन्सिलीने, पाकीट रिकामं असतानाच, मी त्यावर लिहिलं: "हा प्रिंट १९००च्या आसपासचा किंवा नंतरचा. भेगाळलेल्या जुन्या, बहुधा आल्ब्युमिन प्रिंटवरून काढलेली प्रत. मूळ प्रिंट या अल्बमात नाही." त्याखाली आत्याने सांगितलेलं नाव आणि "घरच्या आठवणीनुसार १८६०" असंही लिहिलं. दोन्ही माहिती वेगवेगळी ठेवली, म्हणजे पुढे वाचणाऱ्याला कुठली गोष्ट कुणी पाहिली आणि कुठली ऐकली ते कळेल.

हे सगळं आत्याला वाचून दाखवलं. ती थोडा वेळ फोटोकडे बघत राहिली, मग म्हणाली, "अरे, वाटण्या झाल्या ना तेव्हा. फोटो एकच होता आणि भाऊ तिघे. आजी सांगायची, थोरल्यांनी फोटो ठेवला आणि बाकीच्या दोघांना काढून दिले." म्हणजे मूळ फोटो थोरल्या पातीच्या घरी असायला हवा. भिंग, विजेरी आणि चुंबक मी पिशवीत घालून ठेवलं आहे. पुढच्या महिन्यात तिथल्या लग्नाला जाणार आहे.